छापल्यावर स्लाइडवरचे सगळे एकमेकांवर चढते: ॲनिमेशन आणि व्हिडिओ असलेले सादरीकरण कागदावर उतरवताना

पडद्यावर उत्तम चालणारे पॉवरपॉइंटचे सादरीकरण छापायला घेतले की तीच तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते: चित्रे एकमेकांवर चढलेली, बाण भलतीकडे, व्हिडिओच्या जागी काळा चौकोन. बहुतेक जण त्या एका स्लाइडवर थोडी सरकवासरकव करून वेळ मारून नेतात आणि पुढच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा तिथेच येऊन पोहोचतात. मी दादरच्या एका छोट्या कार्यालयात अभियांत्रिकी सल्लागारांसाठी सादरीकरणे तयार करतो. ही समस्या कशी सोडवावी, हे मला ज्या स्लाइडने शिकवले तिच्याच आधारे पुढचे सगळे लिहितो.

विषय होता मुंबईतील पर्जन्यजल उदंचन केंद्रे कशी काम करतात हा. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी ही केंद्रे आहेत. समुद्राची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा खाली असेल तेव्हा पावसाचे पाणी आपोआप समुद्रात जाते. मोठी भरती आली की समुद्राचे पाणी उलटे आत शिरू नये म्हणून फाटके बंद करावी लागतात, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर नाल्यात साचणारे पाणी पंपांनी उचलून समुद्रात टाकावे लागते. सातव्या स्लाइडवर हे सगळे नऊ क्लिकमध्ये घडत असे. समुद्राचा निळा पट्टा वर सरके, उघड्या फाटकाचे चित्र नाहीसे होऊन बंद फाटकाचे येई, नाल्यातील पाणी फुगे, शेवटी पंप आणि त्याचा बाण दिसे. सभागृहात ही स्लाइड सर्वांना आवडली. नंतर तिची छापील प्रत एका समितीतील ज्येष्ठ सदस्यांकडे गेली आणि त्यांचा फोन आला. "अहो, ओहोटी असतानाही तुमचे फाटक बंदच असते का? आणि बंद असेल तर त्यातून पाणी बाहेर कसे जाते आहे?"

त्यांचे वाचन चुकीचे नव्हते. कागदावर खरोखरच तसे छापले होते: समुद्र खाली, फाटक बंद, आणि त्या बंद फाटकातून समुद्राकडे निघालेला बाण. म्हणजे हा केवळ दिसण्यातला गबाळेपणा नव्हता. कागद चुकीची माहिती देत होता.

असे का होते, हे नीट कळले की उपाय शोधणे सोपे जाते. छापताना किंवा पीडीएफ करताना पॉवरपॉइंट सादरीकरणातील कोणताही क्षण उचलत नाही. स्लाइड संपादित करताना आपल्याला जशी दिसते तशीच ती कागदावर उतरते. त्यामुळे क्लिकनंतर येणाऱ्या वस्तू आधीपासूनच हजर असतात आणि नाहीशा होणाऱ्या वस्तूही जागेवरच असतात. मार्गावरून सरकणारी वस्तू तिच्या मूळ जागी राहते, आणि रंग बदलणे किंवा मोठे होणे यांसारखे परिणाम लागूच होत नाहीत. आमच्या स्लाइडवर समुद्र सरकणारा होता म्हणून तो खालीच राहिला. फाटकाची दोन्ही चित्रे एकावर एक होती आणि वर बंद फाटकाचे होते, म्हणून तेच दिसले. बाण नाहीसा व्हायचा होता, तो झाला नाही. पडद्यावर एकदाही एकत्र न दिसलेल्या तीन गोष्टी कागदावर एकत्र आल्या.

आपल्या फाइलमध्ये अशा स्लाइड किती आहेत हे नजरेने शोधत बसू नये, कारण एखादे छोटे ॲनिमेशन हमखास निसटते. Alt+F11 दाबून नवीन मॉड्यूलमध्ये पुढील मॅक्रो टाकावा आणि चालवावा. उत्तर Immediate खिडकीत दिसते. ती उघडलेली नसेल तर Ctrl+G दाबावे.

```vba
Sub HalchalYadi()
    Dim s As Slide, sh As Shape, v As Long
    For Each s In ActivePresentation.Slides
        v = 0
        For Each sh In s.Shapes
            If sh.Type = msoMedia Then v = v + 1
        Next sh
        If s.TimeLine.MainSequence.Count + v > 0 Then
            Debug.Print s.SlideIndex, s.TimeLine.MainSequence.Count, v
        End If
    Next s
End Sub
```

प्रत्येक ओळीत स्लाइडचा क्रमांक, ॲनिमेशनांची संख्या आणि ध्वनी किंवा व्हिडिओंची संख्या येते. आराखड्यातील रिकाम्या चौकटीत घातलेला व्हिडिओ मात्र या मोजणीतून सुटू शकतो, कारण पॉवरपॉइंट त्याला चौकट म्हणूनच ओळखतो. तेवढे स्वतः पाहून घ्यावे. आमच्या अठरा स्लाइडपैकी सहा या यादीत आल्या.

यादीतील प्रत्येक स्लाइडबाबत एकच प्रश्न विचारायचा असतो: इथे वस्तू नुसत्या वाढत जातात, की एका वस्तूची जागा दुसरी घेते? मुद्दे एकेक करून येत असतील तर कागदावर काहीच करावे लागत नाही, कारण शेवटची स्थिती हेच पूर्ण चित्र असते. फार तर मुद्द्यांना क्रमांक द्यावेत, म्हणजे बोलण्यातला क्रम टिकतो. आमच्या सहापैकी तीन स्लाइड इथेच सुटल्या. जिथे काही नाहीसे होते, सरकते किंवा बदलते, तिथेच एकाहून अधिक पाने लागतात.

पाने किती करावीत, यात मी पहिल्यांदा चुकलो. नऊ क्लिक म्हणून नऊ पाने केली. PPspliT नावाचे एक विनामूल्य ॲड-इन आहे, ते हे विभाजन आपोआप करून देते. ज्यांना शंभरेक स्लाइडच्या व्याख्यानाची प्रत रात्रीतून विद्यार्थ्यांना द्यायची असते त्यांनी ते अवश्य वापरून पाहावे. पण ते क्लिक मोजते, अर्थ मोजत नाही. नऊ पानांपैकी सहा पानांवर वाचकाला आधीच्या पानापेक्षा काय वेगळे आहे ते शोधावे लागत होते. क्लिक ही वक्त्याची सोय असते, श्वास घ्यायला आणि लक्ष वेधायला. वाचकाला हव्या असतात त्या स्थिर अवस्था. आमच्या नऊ क्लिकमध्ये अशा अवस्था तीनच होत्या. ओहोटीत फाटक उघडे असते आणि पाणी आपोआप बाहेर जाते, ही पहिली. भरतीत फाटक बंद होते आणि नाला भरू लागतो, ही दुसरी. फाटक बंदच असते, पण पंप पाणी उचलून बाहेर टाकतात, ही तिसरी. एखादी अवस्था स्वतंत्र पान मागते का, हे ठरवायला मी तिचे एका पूर्ण वाक्यात वर्णन करून पाहतो. वाक्य "आणि मग बाण दिसतो" असे निघाले, तर ती अवस्था नव्हे.

आता प्रत्यक्ष काम. मूळ स्लाइडला हात लावू नये. डावीकडच्या पट्टीत ती निवडून Ctrl+D ने तिच्या तीन प्रती कराव्यात. यातच एक सापळा आहे. Alt+F10 दाबले की Selection Pane उघडते आणि तिथे डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून कोणतीही वस्तू लपवता येते. हा उपाय इतका सोपा आहे की तो मूळ स्लाइडवरच करण्याचा मोह होतो. पण तिथे लपवलेली वस्तू सादरीकरणातही दिसत नाही, आणि हे लक्षात येते ते थेट सभागृहात, तिची क्लिक आल्यावर. प्रतींवर मात्र हेच साधन सर्वात कामाचे. वस्तूंची नावे तिथेच बदलून "फाटक उघडे", "फाटक बंद", "समुद्र" अशी ठेवावीत. "Rectangle 47" शोधत बसण्यात जाणारा वेळ वाचतो.

सरकणाऱ्या वस्तूंसाठी क्रम महत्त्वाचा आहे. ॲनिमेशनचा मार्ग निवडला की त्याच्या शेवटच्या टोकाशी त्या वस्तूची फिकट छाया दिसते. अंतिम जागा ती असते. भरतीच्या दोन प्रतींवर समुद्राचा पट्टा आधी त्या छायेच्या उंचीवर नेऊन बसवावा, आणि त्यानंतरच Animation Pane मधील सर्व नोंदी निवडून पुसाव्यात. वस्तू हलवली की तिचा मार्गही तिच्याबरोबर सरकतो, म्हणून हलवण्यापूर्वी छायेच्या वरच्या कडेशी एक मार्गदर्शक रेघ ठेवून घ्यावी. नोंदी आधीच पुसल्या तर छायाही जाते आणि भरतीची पातळी अंदाजाने लावावी लागते. फुगणाऱ्या वस्तूंचा आकारही प्रतीवर हातानेच बदलावा लागतो.

यानंतर प्रत्येक प्रतीवर गतीची भरपाई करावी लागते, कारण नुसते गोठवलेले चित्र अजून मुकेच असते. पडद्यावर नजर कुठे न्यायची हे हालचाल सांगते. कागदावर ते काम खुणेने करावे लागते. दुसऱ्या पानावर आम्ही समुद्राची आधीची पातळी तुटक रेघेने तशीच ठेवली आणि तिथून नव्या पातळीपर्यंत एक उभा बाण काढला. पाणी चढले आहे हे वाचकाला आधीचे पान न उलटता कळते. तीन पानांवर जे बदलत नाही ते तसूभरही हलू देऊ नये. नाल्याची भिंत एका पानावर दोन मिलिमीटर सरकली, तर वाचक त्यातही अर्थ शोधतो.

मथळेही बदलावेत. पडद्यावर "भरती आणि पाऊस" एवढा मथळा पुरतो, कारण बाकीचे वक्ता बोलतो. कागदावर दुसऱ्या पानाचा मथळा "भरतीत फाटक बंद होते, नाल्यातील पाण्याला वाट उरत नाही" असा झाला. वर सांगितलेले अवस्थेचे वाक्य इथे थेट उपयोगी पडते.

व्हिडिओचा प्रश्न वेगळा आहे. कागदावर व्हिडिओची पोस्टर फ्रेम छापली जाते, आणि ती ठरवलेली नसेल तर पहिलीच चौकट. कॅमेरा सुरू झाल्याचा तो क्षण अनेकदा काळा असतो, म्हणून काळा चौकोन दिसतो. एकच क्षण पुरणार असेल तर व्हिडिओ हव्या त्या जागी थांबवून Video Format मध्ये Poster Frame आणि तिथे Current Frame निवडावे. तेही प्रतीवरच करावे, कारण मूळ स्लाइडवर केले तर सभागृहात व्हिडिओ सुरू होण्यापूर्वीच त्याचा शेवट दिसत राहतो.

आमच्या बाराव्या स्लाइडवर फाटक खाली येतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता, आणि तिथे एक चौकट पुरेशी नव्हती. अर्धे उतरलेले फाटक हे अर्धे उघडलेलेही असू शकते. स्थिर चित्रात दिशा नसते. म्हणून तीन चौकटी काढल्या: सुरुवातीची, मधली आणि पूर्ण बंद झाल्याची. व्हिडिओ पॉवरपॉइंटच्या आत घातलेला असेल आणि मूळ फाइल सापडत नसेल, तर सादरीकरणाची एक प्रत करून तिचे `.pptx` हे शेपूट `.zip` करावे. आतल्या `ppt/media` फोल्डरमध्ये तो मिळतो. चौकट काढायला व्हीएलसीमध्ये Shift+S पुरते, पण नेमका सेकंद हवा असेल तर मी ही आज्ञा वापरतो:

```
ffmpeg -ss 00:00:19 -i fatak.mp4 -frames:v 1 fatak-19.png
```

फाटक वेगात असतानाची चौकट पुसट येते. एकेक सेकंद मागेपुढे करून जिथे कड स्वच्छ दिसते ती निवडावी. ठरवलेल्या सेकंदापेक्षा कडेची स्पष्टता महत्त्वाची. तिन्ही चौकटी एकाच मापाने कापाव्यात, नाहीतर कॅमेरा हलल्यामुळे झालेला बदल फाटकाचा वाटतो. त्यानंतर मधल्या चौकटीवर खाली जाणारा बाण काढला आणि प्रत्येकीखाली ० से., १९ से., ३८ से. अशा वेळा लिहिल्या. वेग कागदावर दाखवता येत नाही, तो आकड्यातच सांगावा लागतो. व्हिडिओत निवेदन असेल तर तेही कागदावर नाहीसे होते. त्यातले जे वाक्य नसेल तर चित्र कळत नाही, तेवढे ओळीत उतरवावे. पूर्ण व्हिडिओसाठी क्यूआर कोड छापायला हरकत नाही, पण पान त्याच्याविना समजले पाहिजे. व्हिडिओ कार्यालयाच्या अंतर्गत फोल्डरमध्ये असेल, तर बाहेरच्या वाचकाला त्या कोडमधून फक्त पासवर्डची मागणी मिळते.

छापण्याचा आकार हा पुढचा अडथळा. सादरीकरणाची रुंद स्लाइड साधारण ३३.९ सेंटिमीटर रुंद असते. आडव्या ए-फोर कागदावर ती पूर्ण रुंदीने छापली तर अक्षरे फार लहान होत नाहीत आणि वर-खाली मिळून सुमारे ४ सेंटिमीटर जागा रिकामी राहते. पण वाचकाला चित्राबरोबर मजकूरही द्यायचा असल्याने मी Notes Pages ही रचना पसंत करतो. त्यात उभ्या पानावर वर स्लाइड आणि खाली टिपा येतात. तिथे स्लाइड साधारण १५ सेंटिमीटर रुंद उरते, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही कमी. पडद्यावरची १८ पॉइंटची अक्षरे कागदावर ८ पॉइंटच्या आसपास येतात, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्या असल्याने तो आकार आणखी बारीक वाटतो. त्यामुळे कागदाच्या प्रतींवर २४ पॉइंटपेक्षा लहान काही ठेवू नये, असा आमचा नियम झाला. याच कारणाने तिन्ही अवस्था एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी मांडण्याचा बेत सोडून द्यावा लागला. एकेक चित्र पाच सेंटिमीटरचे झाले असते आणि फाटक ओळखू आले नसते.

या रचनेचा आणखी एक फायदा आहे. मूळ स्लाइडच्या टिपांत "इथे थांबा, प्रश्न विचारा" असे वक्त्यासाठीचे असते, तर प्रतीच्या टिपांत वाचकासाठीचा मजकूर लिहिता येतो. प्रत करताना जुन्या टिपाही सोबत येतात, त्या पुसायला विसरू नये. "इथे विनोद" अशी सूचना एकदा आमच्या छापील प्रतीत गेली होती.

आता समस्या पुन्हा का उद्भवते त्याकडे येतो. लोक छपाईसाठी वेगळी फाइल करतात. मग सादरीकरणात एक आकडा बदलतो, छपाईच्या फाइलमध्ये तो तसाच राहतो, आणि तीन आठवड्यांनी दोन्ही एकाच टेबलावर येतात. त्यावर उपाय म्हणून सगळे एकाच फाइलमध्ये ठेवावे. कागदाच्या प्रती मूळ स्लाइडच्या लगेच मागे असाव्यात. Slide Show मधील Custom Slide Show वापरून "पडदा" आणि "कागद" अशा दोन निवडी कराव्यात, आणि Set Up Slide Show मध्ये "पडदा" ठरवून ठेवावी. छापताना Print मधील पहिल्या यादीत, किंवा पीडीएफ करताना Options मध्ये, "कागद" निवडता येते. प्रती आपोआप बदलत नाहीत, हे खरे. पण मूळ स्लाइड दुरुस्त करताना तिच्या प्रती शेजारीच दिसत असल्याने विसरण्याची शक्यता बरीच कमी होते. नवीन स्लाइड घातली तर ती दोन्ही निवडींत हाताने टाकावी लागते, ही या पद्धतीची उणीव आहे.

एक परिणाम मात्र अपेक्षित नसतो. स्लाइडचा आपोआप येणारा क्रमांक फाइलमधील जागेनुसार पडतो, निवडीनुसार नाही. त्यामुळे कागदावर ६ नंतर थेट ८ येतो आणि फोनवर बोलताना दोन माणसे वेगवेगळ्या पानांबद्दल वाद घालतात. आम्ही आपोआप येणारा क्रमांक काढून टाकला आणि हाताने ७, ७-अ, ७-आ, ७-इ असे लिहिले. आता पडद्यावरच्या ७ बद्दल विचारले तर कागदावर कुठे पाहायचे ते कळते.

पीडीएफ झाली की ती रंगीत दिसते म्हणून समाधान मानू नये. मुंबईतल्या कोणत्याही कार्यालयात पहिली प्रत रंगीत निघाली तरी बाकीच्या दहा झेरॉक्सवर निघतात. आमचा समुद्राच्या पाण्याचा लाल बाण आणि पंपाचा हिरवा बाण झेरॉक्समध्ये एकाच करड्या रंगाचे झाले. View मधील Grayscale ने हे आधीच पाहता येते. आता एक बाण भरीव आणि दुसरा तुटक असतो, आणि दोन्हींवर नाव लिहिलेले असते. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइडही प्रतीत पांढऱ्या कराव्यात.

तपासणी मी सादरीकरण न पाहिलेल्या माणसाकडून करून घेतो. आमच्या हिशेब विभागातील एका बाईंना मी नुसती पाने देतो, काही न बोलता, आणि त्या प्रत्येक पान वाचून काय घडते आहे ते मला सांगतात. त्या "मग" किंवा "त्यानंतर" म्हणाल्या की ते त्यांना पानावर कुठे दिसले हे विचारतो. बोट ठेवता आले नाही, तर ती खूण अजून माझ्या डोक्यातच आहे, कागदावर आलेली नाही. सातव्या स्लाइडच्या दुसऱ्या आवृत्तीत पंप फाटक उघडतात, असे त्यांना वाटले होते. कारण पंपाचा बाण फाटकाच्या चित्रातूनच जात होता; तो फाटकाला न शिवता त्याच्या वरच्या बाजूने वळवून नेला.

शेवटी बांधणी. त्या समितीसाठीची नवी प्रत आम्ही दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल बांधली, आणि ७-अ व ७-आ नेमके एकाच कागदाच्या पुढे-मागे आले. ज्या दोन अवस्था एकमेकींशी ताडून पाहायच्या, त्याच एकाच वेळी दिसू शकत नव्हत्या. उभ्या पुस्तिकेत सम पान डावीकडे आणि विषम पान उजवीकडे येते, म्हणून अशी जोडी सम पानावर सुरू झाली पाहिजे. आधी एक कोरे पान घालून पुन्हा छापले, आणि ओहोटीचे उघडे फाटक व भरतीचे बंद फाटक समोरासमोर आले.